रिंगवाल्याच्या पाटीचा हिशोब

जत्रेतल्या रिंगवाल्याच्या पाटीवर लाल रंगात लिहिलेलं होतं, "दर पाच रिंगांत एक बक्षीस". माझी सगळी चौकशी या एका ओळीवरून सुरू झाली, कारण ही ओळ नसती तर त्या खेळाची परीक्षा घेताच आली नसती. नुसतं "नशीब आजमावा" लिहिलं असतं तर त्यात खरं-खोटं काय शोधणार? पण पाचात एक म्हणजे आकडा झाला, आणि आकडा मोजता येतो.

मी तेव्हा नववीत होतो. जत्रेतला हा खेळ बहुतेकांनी पाहिलेला असतो, एक लांबलचक टेबल, त्यावर कापड, कापडावर ओळीने वस्तू मांडलेल्या, पुढे साबणाच्या वड्या, कंगवे, छोट्या डब्या, आणि सगळ्यात मागे लाकडाचे चौकोनी ठोकळे, त्यांच्यावर मोठी बक्षिसं, घड्याळ वगैरे. पैसे दिले की पाच रिंगा हातात मिळतात, दोरीच्या अलीकडून त्या टाकायच्या. रिंग वस्तूभोवती पडून सगळीकडून कापडाला टेकली तरच वस्तू तुमची, कोपऱ्यावर अडकून टांगलेली रिंग धरत नाहीत. आणि घड्याळ हवं असेल तर रिंग नुसत्या घड्याळावरून जाऊन चालत नाही, खालच्या ठोकळ्यासकट सगळं आत येऊन रिंग खाली टेकायला पाहिजे.

माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, त्याने एकामागून एक दोन वेळा पाच-पाच रिंगा घेतल्या आणि दहाच्या दहा वाया घालवल्या, आणि मग तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचं म्हणणं साधं होतं, पाचात एक म्हणतो, दहात दोन मिळायला हवे होते, एकही नाही मिळालं, म्हणजे फसवणूक. मलाही ते पटलं. घरी येऊन ताईला सांगितलं, ती कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकत होती, म्हणलं ही तरी आपली बाजू घेईल. तिने फक्त विचारलं, "खेळ अगदी प्रामाणिक असला तरी दहाच्या दहा वाया जाऊ शकतात की नाही?" दादा म्हणाला, जाऊ शकतात पण किती वेळा जातील! ती म्हणाली, "तेच तर विचारतेय, किती वेळा?"

मग तिने आम्हाला चिठ्ठ्या करायला लावल्या. पाच सारख्या चिठ्ठ्या, एकीवर फुली, डब्यात टाकून हलवायच्या, न बघता एक काढायची, फुली आली तर रिंग लागली समजायचं, आणि चिठ्ठी परत डब्यात टाकायची. ही परत टाकायची गोष्ट दादाला खटकली. तो म्हणाला परत का टाकायची, पाच चिठ्ठ्या संपल्या की त्यात एक फुली येणारच की. ताई म्हणाली, तसं केलंस तर प्रत्येक पाचात बरोब्बर एक येईल, पण रिंगेला थोडीच माहीत असतं की आधीच्या चार वाया गेल्यात, प्रत्येक रिंग नव्याने पडते, म्हणून प्रत्येक वेळी डबा पुन्हा पाचचा पाहिजे. पाटीवरच्या वाक्याचा तेवढाच अर्थ घ्यायचा ठरलं, की बऱ्याच रिंगा मिळून सरासरीने पाचात एक. रिंगवाल्याच्या बाजूने बघितलं तर हाच अर्थ त्याला सोयीचा, म्हणजे आम्ही त्याच्यावर अन्याय करत नव्हतो.

दहा वेळा चिठ्ठी काढली की एक फेरी, अशा पन्नास फेऱ्या आम्ही केल्या, मी काढत होतो, दादा लिहित होता, पुढे पुढे त्याचा वैताग अक्षरात दिसायला लागला. पन्नासपैकी सहा फेऱ्या पूर्ण कोऱ्या गेल्या, एकही फुली नाही. म्हणजे ज्या डब्यात चिटिंग शक्यच नाही तिथेसुद्धा दादासारखं नशीब सहा वेळा आलं. ताईने मग कागदावर दाखवलं, एक रिंग वाया जायचा चान्स 0.8, दहा सलग वाया जायचा चान्स काढायला दहा वेळा 0.8 लिहून त्यांचा गुणाकार करायचा, येतं साधारण 0.107. दहा माणसांनी दहा-दहा रिंगा टाकल्या तर त्यातला सरासरी एक जण दादासारखा शिव्या देत घरी जाणार, रिंगवाला संत असला तरी.

दादाने हिशोब मान्य केला, पण रिंगवाला प्रामाणिक आहे हे मान्य करायला तो तयार नव्हता, आणि ताईचंही तसं म्हणणं नव्हतंच. तिचं म्हणणं एवढंच की दहा रिंगांवरून दोन्ही बाजूंनी काहीच कळत नाही, जास्त रिंगा बघायला लागतील. त्या आपल्या पैशाने टाकायची गरजच नव्हती, दुसरे लोक टाकतच होते, आपण फक्त उभं राहून मोजायचं.

आता इथे ताईने एक अट घातली जी तेव्हा मला उगाच वाटली. मोजायला सुरुवात करायच्या आधी तीन गोष्टी वहीत लिहून टाकायच्या, किती रिंगा मोजणार, कुठली रिंग धरायची कुठली नाही, आणि किती लागल्या तर पाटी खोटी म्हणायची. एकदा लिहिलं की बदलायचं नाही.

किती, तर शंभर. पाचात एक खरं असेल तर शंभरात सरासरी वीस लागायला हव्यात. पण दर वेळी बरोब्बर वीस येणार नाहीत, कधी सतरा येतील कधी तेवीस, तर हे मागेपुढे होणं किती नॉर्मल आहे ते काढायची रीत तिने सांगितली. 100 गुणिले 0.2 गुणिले 0.8, उत्तर 16, त्याचं वर्गमूळ 4. हा 4 म्हणजे नेहमीच्या हेलकाव्याचं माप. विसापासून एक माप खाली सोळा, तिथपर्यंत तर सर्रास जातं. दोन मापं खाली म्हणजे बारा, आणि बारा किंवा त्याहून कमी येणं हे प्रामाणिक खेळात शंभरातून जेमतेम अडीच वेळा होतं. म्हणून ठरलं, बारा किंवा कमी लागल्या तर पाटी खोटी, तेरा किंवा जास्त लागल्या तर गप्प बसायचं. मी विचारलं की त्या अडीच वेळांत आपण बिचाऱ्यावर उगाच आळ घेऊ त्याचं काय. ती म्हणाली, तेवढी रिस्क आहेच, ती शून्य करायची असेल तर कधीच कोणाला काही म्हणता येणार नाही, एकच रिंग लागली तरी "असेल नशीब" म्हणून सोडायला लागेल.

कुठल्या रिंगा धरायच्या यावर जास्त वाद झाला. खूप लहान पोरं वाकून जवळजवळ टेबलावर चढून टाकतात, त्या नाही धरायच्या. हातातून निसटून पायाशी पडली ती पण नाही. रिंगवाला स्वतः दाखवायला टाकतो ती तर नाहीच. एकाच माणसाच्या खूप रिंगा होऊ द्यायच्या नाहीत, कारण तो एखादा फार तरबेज किंवा फार ढ निघाला तर आपण खेळ मोजण्याऐवजी त्यालाच मोजत बसू, म्हणून एका माणसाच्या पहिल्या पाचच धरायच्या. शंभर रिंगा म्हणजे वीस वेगवेगळी माणसं. पाटी सगळ्यांसाठी लावलेली आहे, मग मोजणीत पण सगळ्या तऱ्हेचे लोक आले पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे लागल्यावर मी टेबलाच्या कडेला, गर्दीच्या जरा बाहेर, वही घेऊन उभा राहिलो. लागली तर टिक, नाही तर रेघ. हे वाचताना सोपं वाटतं पण अर्ध्या तासात डोळे भिरभिरतात, कारण दोन-तीन जण एकदम टाकतात आणि रिंगा एकमेकींवर आपटून उडतात. मी मग एक वेळी एकाच माणसाकडे बघायचं ठरवलं, त्याच्या पाच झाल्या की त्या क्षणी माझ्या सगळ्यात जवळ उभा असलेला नवा माणूस घ्यायचा. जवळचाच, बरं का. मनाने निवडायला लागलो की डोळा आपोआप हरणाऱ्याकडे जातो, कारण आत कुठेतरी आपल्याला रिंगवाल्याला पकडायचंच असतं.

पहिल्या पंचवीसात चार लागल्या. पाच यायला हव्या होत्या, चार आल्या, मला वाटलं गेलं सगळं मुसळ केरात, खेळ सरळ आहे. मग एकदम दुष्काळ पडला. साठ झाल्या तेव्हा टिका फक्त पाच होत्या आणि दादा मागून येऊन म्हणाला, बास की आता, साठात बारा पाहिजेत, पाच आल्यात, दिसतंय ना उघड, चल. खरं सांगायचं तर मला पण निघायचं होतं, पाय दुखत होते. पण वहीत शंभर लिहिलेलं होतं.

ही अट कशासाठी होती ते ताईने नंतर चिठ्ठ्यांच्याच वहीत दाखवलं. आमच्या त्या पन्नास फेऱ्या सलग एका पाठोपाठ एक वाचत गेलं तर मध्ये असे तुकडे सापडतात की फुल्या जवळजवळ गायब आहेत, आणि पुढे त्या भरून निघतात. प्रत्येक रिंगेनंतर "आता थांबायचं का" असं स्वतःला विचारत राहिलं आणि वाईट दिसल्या दिसल्या थांबलं, तर सरळ खेळाला पण खोटं ठरवायच्या आपल्याला खूप संधी मिळतात, मग ते शंभरातून अडीच वेळा वगैरे काही राहत नाही, ते कितीतरी वाढतं. म्हणून एकतर आधी ठरवलेल्या आकड्यावर थांबायचं, नाहीतर त्या आकड्याला अर्थच नाही.

शंभर एका संध्याकाळी झाल्या नाहीत, उरलेल्या दुसऱ्या संध्याकाळी केल्या. आणि त्या दुसऱ्या संध्याकाळी तो चेक्सच्या शर्टवाला आला.

तो माझ्या सगळ्यात जवळ उभा होता म्हणून नियमाने मी त्यालाच घेतला. पाच रिंगांत त्याने दोन लावल्या, एक साबणावर आणि दुसरी थेट मागच्या ठोकळ्यावर, घड्याळ! गर्दीत एकच आरडाओरडा, रिंगवाल्याने कपाळाला हात लावून "अरे बुडालो रे" केलं, आणि लगेच सात-आठ जणांनी पैसे पुढे केले. मी टिका केल्या. पण मला एक खटकलं, तो टेबलाच्या टोकाला उभा होता, जिथे दोरी बांबूला बांधलेली असते तिथे, आणि रिंग टाकताना त्याने त्या बांबूला धरून अख्खा हात मागच्या ओळीवर नेला होता. दुसरं कोणी तसं वाकलं की रिंगवाला ओरडायचा, याला काही बोलला नाही. तासाभराने बघतो तर तोच गडी टेबलाच्या मागे बसून रिंगा गोळा करून देतोय, आणि घड्याळ परत ठोकळ्यावर. तेच घड्याळ, काचेवर डावीकडे खाली बारीक तडा होता तो मी आधीच बघून ठेवला होता, करायला दुसरं काय होतं.

आता प्रॉब्लेम असा की याच्या रिंगा धरायच्या की नाही. नियमात रिंगवाल्याच्या स्वतःच्या रिंगा धरायच्या नाहीत असं होतं, त्याच्या माणसाच्या धरायच्या की नाहीत याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. काढून टाकल्या तर निकाल आमच्या बाजूला झुकणार, आणि नेमकं असं सोयीने काढणंच तर टाळायचं होतं. ताईने मधला मार्ग काढला, दोन्ही करून बघ. त्याच्या पाच वेगळ्या ठेव, त्यांच्या जागी नवा माणूस घेऊन शंभर पुरे कर, आणि मग त्याला धरून आणि न धरता दोन्ही हिशोब लाव. दोन्हीकडे उत्तर एकच आलं तर वादच मिटला.

त्याला न धरता शंभरात नऊ लागल्या.

नऊ म्हणजे बारापेक्षा चांगल्याच खाली. पाचात एक खरं असेल तर शंभरात नऊ किंवा कमी येण्याचा चान्स हजारात दोन-तीनच. त्याला धरून एकशेपाचात अकरा, तिथे सरासरी एकवीस हवी आणि दोन मापं खाली म्हणजे जवळपास तेरा, अकरा त्याच्याही खालीच. दोन्हीकडून पाटी खोटी.

दादा उड्या मारायला लागला, पण ताई म्हणाली नक्की काय सिद्ध झालं ते एका वाक्यात बोलून दाखव. तो म्हणाला, रिंगवाला लबाड आहे. तिने मान हलवली. सिद्ध एवढंच झालं होतं की तिथे येणाऱ्या साध्या माणसांना पाचात एक लागत नाही, आमच्या मोजणीत साधारण अकरात एक लागली. का लागत नाही हे मोजणीतून कळत नाही. रिंगा लहान असतील, लोक ढ असतील, दोरी लांब बांधली असेल, किंवा पाटी रंगवताना कोणी हिशोबच केला नसेल. मोजणीने फक्त पाटीला पकडलं, खेळाला नाही.

खेळाला पकडायचं तर मागच्या ओळीकडे बघायला पाहिजे होतं. वहीत मी कोपऱ्यात कुठली रिंग कुठे गेली तेही खरडत होतो, त्यावरून शंभरातल्या तीसेक रिंगा मागच्या ठोकळ्यांकडे गेल्या होत्या आणि त्यातली एकही लागली नव्हती. नऊच्या नऊ टिका पुढच्या ओळीतल्या, साबण, कंगवा, डबी. आता तीसात शून्य म्हणल्यावर कोणीही म्हणेल की ते ठोकळे अशक्य आहेत. मी पण म्हणलं. पण गुणाकार करून बघितला तर समजा खरा चान्स दहात एक असता, तर तीस सलग वाया जायचा चान्स फक्त चार टक्के आला, म्हणजे दहात एक तर नाहीच बहुतेक. पण खरा चान्स विसात एक असेल तर? तीस सलग वाया जाणं एकवीस टक्के वेळा होतं, हे तर रोजचंच. म्हणजे तीसात शून्य बघून "विसात एक" हे सुद्धा खोडता येत नाही, अशक्य म्हणणं तर लांबच. त्यासाठी शेकडो रिंगा मोजत बसायला लागलं असतं आणि जत्रा दोन दिवसांत उठणार होती.

मोजून जमत नाही तर मापून बघू.

रिंग मिळणं सोपं होतं, त्या सारख्या उडून बाहेर येतात. एक घरंगळत पायाशी आली, उचलून द्यायच्या आधी वहीच्या पानावर ठेवून आतून पेन्सिल फिरवली. आतला व्यास तेरा सेंटीमीटर. ठोकळ्याचं माप मात्र टेबलापलीकडे होतं, म्हणून सरळ विचारलं, "काका, तो ठोकळा मापू का?" मला वाटलं हाकलून देईल. तो हसला आणि म्हणाला, "माप की, तो काय पळून जातोय." आणि वर स्वतः ठोकळा काढून माझ्यासमोर ठेवला. एवढा निवांत माणूस बघून मलाच शंका आली की आपलं काहीतरी चुकतंय.

ठोकळ्याची बाजू नऊ सेंटीमीटर. रिंग तेराची, ठोकळा नऊचा, चार सेंटीमीटर मोकळे! दोरीपाशी उभं राहून समोरून तेच दिसतं, ठोकळ्याचा सपाट चेहरा नऊ सेंटीमीटरचा आणि हातात चांगली ऐसपैस रिंग. पण रिंगेला चेहऱ्याशी काही देणंघेणं नसतं, तिला चारही कोपऱ्यांवरून खाली उतरायचं असतं, म्हणजे माप कर्णाचं घ्यायला पाहिजे. पायथागोरस नुकताच झाला होता, नऊचा वर्ग 81, दोनदा मिळून 162, वर्गमूळ 12.7. तेरातून 12.7 गेले, उरले तीन मिलीमीटर. म्हणजे रिंग बरोब्बर मधोमध पडली तर प्रत्येक कोपऱ्याला दीड मिलीमीटर जागा. पेन्सिलच्या रेघेचीच जाडी अर्धा मिलीमीटर होती, तेव्हा त्या दीडवरही मी फार विश्वास ठेवत नव्हतो.

रिंगवाल्याने माझ्या वहीत डोकावून बघितलं, मग माझ्या हातातली रिंग घेतली, ठोकळ्याच्या बरोबर वर आडवी धरली आणि सोडली. खटकन खाली गेली, चारी बाजूंनी टेकली. "जाते का नाही?" जाते. नाही कोण म्हणतंय. तो हे दिवसातून कित्येक वेळा करून दाखवायचा आणि लोकांना वाटायचं रिंग बसते म्हणजे आपल्यालाही बसेल. फरक एवढाच की तो टेबलाच्या मागे, ठोकळ्याच्या डोक्यावर हात नेऊन सोडतो, रिंग अगदी आडवी असते. दोरीच्या अलीकडून टाकलेली रिंग पुढे जात जात खाली येते, थोडी तरी तिरकी असतेच. आणि तिरक्या गोलाचं वरून बघितलं तर तोंड चेपतं, अंड्यासारखं होतं. घरी मी पानावर हिशोब केला, या ठोकळ्याला रिंग सोळा-सतरा अंशांपेक्षा जास्त कलली की चारही कोपरे त्या चेपलेल्या तोंडात एकदम मावतच नाहीत, कुठल्याही बाजूने येऊ दे. ती एका कोपऱ्यावर आपटते आणि उडते, किंवा टांगून राहते, आणि टांगलेली रिंग धरत नाहीत हे पाटीवरच लिहिलेलं आहे. चेक्सच्या शर्टवाल्याने बांबूला धरून हात मागे का नेला ते मला तेव्हा नीट कळलं.

साबणाची वडी मापली, साडेआठ बाय साडेपाच, कर्ण जेमतेम दहा. तिथे प्रत्येक कोपऱ्याला दीड सेंटीमीटरच्या आसपास जागा मिळते, ठोकळ्याला मिळते त्याच्या दहापट. पण रिंगेचा मध्य कुठे कुठे पडला तर चालेल ती जागा पुढे-मागे आणि डावी-उजवी अशा दोन्ही बाजूंनी वाढते, म्हणून साबणासाठी ती ठोकळ्यापेक्षा अंदाजे शंभर पट मोठी होते. उडणं, घसरणं, शेजारच्या वस्तूला लागून वळणं हे सगळं यात धरलेलं नाही, त्यामुळे हा शंभर नुसता अंदाज समजा. तरी तीसेक रिंगांत ठोकळ्याला शून्य का आलं आणि सगळ्या टिका पुढच्याच ओळीत का जमल्या, याचं कोडं उरलं नाही.

मग खेळ फेअर होता का, असं लोक मला अजून विचारतात, आणि त्यांना एका शब्दात उत्तर पाहिजे असतं. पाटी खोटी होती, हे मोजून. ठोकळ्यावर रिंग बसते हे खरं होतं, पण दोरीपाशी उभ्या राहणाऱ्यासाठी ते नसल्यातच जमा होतं, हे मापून. साबण, कंगवे अवघड होते पण सरळ होते, ज्याला पडली त्याला रिंगवाल्याने वस्तू दिली, एकदाही खळखळ केली नाही. आणि तो चेक्सचा शर्ट म्हणजे शुद्ध लबाडी, त्याला कुठलंही गणित लागत नाही.

शेवटच्या दिवशी दादा पुन्हा गेला. सगळा हिशोब ऐकून त्याने स्वतःची युक्ती काढली होती, ठोकळा सरळ ठेवलाय म्हणून कोपरे आडवे येतात, तो तिरका फिरवला की कोपरा आपल्याकडे येईल आणि रिंग सुळकन घसरून जाईल. मी रिंगेचा गोल आणि आत चौकोन काढून दाखवला, चौकोन कसाही फिरव, कर्ण तेवढाच राहतो, गोलाला काही फरक पडत नाही. त्याला ते पटेना. तो रिंगवाल्याला म्हणाला, काका, घड्याळाचा ठोकळा जरा फिरवून ठेवा. मला वाटलं कटकट होईल, पण रिंगवाल्याने एका शब्दाने हुज्जत न घालता ठोकळा फिरवला, वर विचारलं, "एवढा बास का अजून फिरवू?" दादाने चार रिंगा घड्याळावर घालवल्या. पाचवी त्याने रागाने कशीही भिरकावली आणि ती दोनदा उडून कंगव्याभोवती जाऊन बसली. तो मला ओरडून सांगत होता लिही, लिही, पण शंभर कधीच पुऱ्या झाल्या होत्या, म्हणून मी काही ती धरली नाही.